फर्म की फॅक्टरी

(पुणे, टिळक रोड. तिसऱ्या मजल्यावरचं एका सीएंचं ऑफिस. डिसेंबरमधला शनिवार, दुपारचे चार. मुग्धाने आर्टिकलशिप, म्हणजे सीएची उमेदवारी, इथेच केली. गेल्या महिन्यात ती सीए फायनल पास झाली. मोबाईलमध्ये दोन ऑफर लेटर आहेत आणि सोमवारी दोन्हीकडे उत्तर द्यायचंय.)

सर: ये, बस. पेढे पोचले हं. आर्टिकल्सनी माझ्यासाठी एकच ठेवला होता. बोल, काय अडलंय?

मुग्धा: एक ऑफर मोठ्या फर्मच्या स्टॅट ऑडिटमध्ये आहे, म्हणजे बाहेरून जाऊन कंपन्यांचे हिशेब कायद्याप्रमाणे तपासायचे, सीटीसी साडेअकरा लाख. दुसरी चाकणच्या ऑटो पार्ट्सच्या कंपनीत, इंटर्नल ऑडिटला, म्हणजे आत राहून तिचाच कारभार तपासायचा, सव्वाबारा.

सर: सव्वाबारात ग्रॅच्युइटी धरलीय का? कंपनीचा पीएफ?

मुग्धा: धरलाय. ग्रॅच्युइटीसुद्धा.

सर: मग हातात पडणारा पगार जवळपास सारखाच. पैसे बाजूला ठेव. घरी काय म्हणतात?

मुग्धा: बाबा म्हणतात, कंपनी बरी, वेळेवर घरी येशील. कराडला आमच्या दुकानासमोर एक सीए आहेत. सप्टेंबरमध्ये त्यांच्या ऑफिसचा दिवा रात्री दोनपर्यंत चालू असतो, ते बघूनच बाबा घाबरलेत. आणि बॅचमधले सगळे म्हणतात, फर्म सोडलीस तर वेडी आहेस. तीन वर्षं तिथे काढ, मग कुठेही जा.

सर: बॅचमधले चूक नाहीत, आणि बाबाही नाहीत. तुला स्वतःला काय वाटतं?

मुग्धा: मला वाटतं, खरं ऑडिट फर्ममध्येच. म्हणजे सही तिथे होते ना.

सर: सही पार्टनरची, बाई. रिपोर्टवरचा यूडीआयएन नंबर त्याच्या नावाचा निघतो, तुझ्या वाट्याला रिव्ह्यू नोट्स. एक सांग, मटेरियॅलिटी, म्हणजे केवढ्या रकमेच्या खालचा फरक सोडून द्यायचा, ती कशी काढायचो आपण?

मुग्धा: नफ्याच्या पाच टक्के, नाहीतर टर्नओव्हरच्या अर्धा-एक टक्का. कंपनी बघून.

सर: तर ४०० कोटींची उलाढाल असलेली कंपनी घे. अर्धा टक्का म्हणजे २ कोटी. आता एक गोष्ट ऐक, मी प्रॅक्टिस सुरू करण्याआधीची.

मुग्धा: तुम्ही कंपनीत होतात?

सर: सहा वर्षं, इंटर्नल ऑडिटलाच. साधारण एवढ्याच आकाराचा कारखाना. प्रेस शॉपचं स्क्रॅप विकलं जायचं. स्टॅट ऑडिटरनी स्क्रॅपचं लेजर बघितलं, बिलं बघितली, काट्याच्या पावत्या बघितल्या. सगळं जुळत होतं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी एका मंगळवारी सकाळी सातला वजनकाट्यावर जाऊन उभा राहिलो, काही कारण नव्हतं, बस चुकायला नको म्हणून लवकर निघालो होतो. स्क्रॅपवाल्याचा रिकामा ट्रक आत आला. काट्यावर रिकामं वजन ७,८४० किलो. ट्रक मागे यार्डात गेला, आणि ड्रायव्हरने सीटमागून, फाळक्याआडून गोण्या काढून भिंतीलगत ठेवायला सुरुवात केली.

मुग्धा: गोण्या कसल्या?

सर: दगडांच्या. ट्रकचं खरं वजन ७,२०० किलो. येताना दगडांसकट वजन, जाताना दगड भिंतीशी आणि माल पोटात. प्रत्येक खेपेला ६४० किलो लोखंड फुकट. तेव्हा भाव ३४ रुपये होता.

मुग्धा: (मोबाईलवर) २१,७६० रुपये. एका ट्रकचे.

सर: आठवड्याला दोन ट्रक. वर्षाचे बावीस लाखांच्या आसपास. २ कोटींच्या मटेरियॅलिटीपुढे काहीच नाही. ताळेबंद तरीही 'ट्रू अँड फेअर'च होता. आता मला सांग, खरं ऑडिट कुठलं?

मुग्धा: …म्हणजे तुम्ही कंपनीच सांगताय.

सर: थांब, गोष्ट संपली नाही. रिपोर्ट लिहिला. प्लँट हेड म्हणाले, आकडा वाढवून लिहिलाय. आणि दुसऱ्या दिवसापासून कँटीनमध्ये माझ्या टेबलावर कुणी बसेना. जेवण तेच, आमटी तीच, पण समोरची खुर्ची रिकामी. तीन आठवडे. स्टॅट ऑडिटर काम झालं की बॅग उचलून पुढच्या क्लायंटकडे जातो. तू जाणार नाहीस. ज्या माणसाचा गेटपास तू पकडलास, त्याच्याच मुलीच्या बारशाचं आमंत्रण तुला येतं.

मुग्धा: गेलात?

सर: गेलो. चांदीचा चमचा दिला.

(ऑफिस बॉय चहा ठेवून जातो.)

सर: आता फर्मचं ऐक. पहिल्याच वर्षी तुला सात-आठ कंपन्या दिसतील. एक फार्मा, एक एनबीएफसी, एखादी बिल्डरची. महसूल कधी धरायचा यावर प्रत्येकाचं वेगळं भांडण. हे चाकणला मिळणार नाही, तिथे एकच धंदा, तोच एसएपी, तीच माणसं. आणि फर्ममध्ये कागद लिहायला शिकशील. २०१८ला ऑडिटरांवर नजर ठेवणारी एनएफआरए आली, तेव्हापासून मोठ्या फर्म वर्किंग पेपर्सला जाम घाबरतात. रिपोर्टपासून साठ दिवसांत फाईल बांधून बंद. 'चेक केलं' असं लिहिलं की रिव्ह्यूअर विचारतो, काय चेक केलं, कशाशी, आणि निष्कर्ष काय? ही सवय एकदा हाताला लागली की जन्मभर राहते. कंपनीत ती तुला कुणी लावणार नाही.

मुग्धा: पण सर, आर्टिकलशिपमध्ये मला सगळ्यात कंटाळा त्याचाच आला होता. तीच २५ ची सॅम्पल. डेटर्सची कन्फर्मेशन येत नाहीत म्हणून रोज पन्नास फोन. एकदाच मजा आली होती, त्या डाळ मिलच्या स्टॉकला.

सर: कुठली मजा? तिथून तू खोकत आली होतीस.

मुग्धा: हो, पण आठवतं का, स्टॉक शीटवर थप्प्या अकरा बाय अकरा होत्या. मी मागच्या बाजूला चढून बघितलं तर आत पोकळ. बाहेरून भरलेली, मध्ये मोकळी जागा.

सर: आठवतं. मालक म्हणाला होता, हवा खेळायला ठेवलीय.

मुग्धा: आणि मॅनेजर मला म्हणाले, फरक मटेरियल नाही, पुढे चला. मला पुढे जायचंच नव्हतं. पोकळी ठेवायला कुणी सांगितलं, हे मला बघायचं होतं.

सर: (हसून) हे आधी सांगायचं ना. अर्धा तास मी उगाच दोन्ही बाजू मांडत बसलो.

मुग्धा: तरी भीती वाटते. चार वर्षांनी परत फर्ममध्ये यावंसं वाटलं तर?

सर: अवघड जाईल, खोटं नाही सांगत. हिशेबाची इंड एएस, ऑडिटची एसए, सगळी मानकं गंजतात. मॅनेजरच्या पोस्टला ते स्टॅटचाच अनुभव मागतील. फर्ममधून कंपनीत जायचा रस्ता रुंद आहे, उलटा अरुंद. म्हणून तर बॅचमधले म्हणतात तेच मीही दहापैकी सात जणांना सांगतो. मधली वाटही आहे. मोठ्या फर्मच्या रिस्क ॲडव्हायझरीत जा, तिथून दुसऱ्यांच्या कंपन्यांचं इंटर्नल ऑडिट करायचं. ज्यांचं स्टॅट त्याच फर्मकडे आहे त्यांचं करता येत नाही, कलम १४४ आडवं येतं. बाकी चालतं.

मुग्धा: त्या टीमची ऑफर नाहीये माझ्याकडे.

सर: मग आहेत त्या दोनांतच बघू. कंपनी लिस्टेड आहे?

मुग्धा: नाही. प्रायव्हेट. पण टर्नओव्हर सहाशे कोटी.

सर: म्हणजे कलम १३८ खाली इंटर्नल ऑडिटर नेमावाच लागतो, प्रायव्हेटला २०० कोटींपासून सक्ती आहे. आता सगळ्यात मोठी भानगड. कायदा नेमा म्हणतो म्हणून नेमणारे बरेच असतात. वर्षाअखेर स्टॅट ऑडिटरला कारोच्या ऑर्डरप्रमाणे आपल्या रिपोर्टमध्ये इंटर्नल ऑडिटबद्दल लिहायला लागतं, त्याच्यापुरता एक रिपोर्ट छापायचा आणि कपाटात टाकायचा. तिथे गेलीस तर दोन वर्षांत व्हाउचर तपासणारी क्लार्क होशील, पगार सव्वाबारा लाख असला तरी. हेड कोण आहेत?

मुग्धा: एक पन्नाशीचे गृहस्थ आहेत. इंटरव्ह्यू त्यांनीच घेतला. नंबर दिलाय, काही विचारायचं असेल तर मेसेज करा म्हणाले.

सर: कर मग. आत्ताच. दोनच प्रश्न. तुमचं अप्रेझल कोण करतं? आणि गेल्या वर्षीच्या रिपोर्टमधले किती मुद्दे अजून उघडे आहेत?

मुग्धा: असं विचारायचं? उद्धट नाही वाटणार?

सर: ऑडिटर व्हायचंय ना तुला?

(मुग्धा दोनदा खोडून मेसेज लिहिते. सर एका आर्टिकलची टॅक्स ऑडिटची फाईल चाळत बसतात. दहा मिनिटांनी मोबाईल वाजतो.)

मुग्धा: उत्तर आलं. 'अप्रेझल सीएफओ करतात. रिपोर्ट दर तिमाहीला बोर्डासमोर मी स्वतः मांडतो, सीएफओ बदल करत नाहीत, पण आधी वाचतात. गेल्या वर्षीच्या ११२ मुद्द्यांपैकी ६१ उघडे आहेत. त्यातले २० स्टोअर्सचे. म्हणूनच माणूस घेतोय.'

(सर चष्मा काढून पुसतात.)

सर: अप्रेझल सीएफओकडे, हे मला आवडलं नाही. पर्चेसचं काही निघालं की तुमचे मार्क तोच देणार. पण ११२ पैकी ६१ हा आकडा नव्या पोरीला कुणी सांगत नाही. 'बहुतेक बंद झालेत' म्हणून मोकळे झाले असते.

मुग्धा: म्हणजे?

सर: म्हणजे सकाळी विचारलं असतंस तर मी फर्म म्हणालो असतो. हा माणूस बघता आता तेवढ्या ठामपणे म्हणवत नाही. एक कर, जाशील तर पहिल्या दोन वर्षांत सीआयए, म्हणजे इंटर्नल ऑडिटरच्या परीक्षेचे, तीन पेपर काढून टाक. आणि वर्षातून एकदा, ताळेबंद बंद होताना, स्टॅट ऑडिटरच्या पोरांबरोबर बस. एसए ६१० खाली तुझं काम वापरायला ते येतीलच. त्यांची फाईल कशी दिसते ते बघत राहा.

मुग्धा: आणि फर्मला नाही कसं कळवायचं?

सर: दोन ओळींत. कारणं देत बसू नकोस. त्यांच्याकडे वेटिंग लिस्ट असते.

मुग्धा: कोथरूडहून कंपनीची बस सहा वीसला सुटते म्हणे.

सर: सेफ्टी शूजचा साईझ आजच कळवून टाक. स्टोअर्सवाले आठवडा लावतात, आणि तोवर शॉप फ्लोअरवर पाय ठेवू देत नाहीत.

मुग्धा: स्टोअर्सवालेच ना? ज्यांचे २० मुद्दे उघडे आहेत?

सर: तेच. साईझ तेवढा नीट कळव.