भूल देण्यापूर्वीची नोंद : डोरा, पग, मादी, 6 वर्षे

वजन 10.6 किलो. बांधा लहान, साडेआठ किलो पुरे होते. औषधांचा हिशेब साडेआठ किलोवरच करावा. शस्त्रक्रिया : डाव्या चौथ्या स्तनातली गाठ काढणे आणि त्याच बैठकीत गर्भाशय-अंडाशय काढणे.

स्टेथोस्कोप लावण्याआधीच घरघर ऐकू येते. श्वास आत घेताना उजवी नाकपुडी चिमटल्यासारखी पूर्ण मिटते. तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवलं, तर घरघर वाढली, तोंड उघडलं. सावरायला चार मिनिटं लागली. जीभ गुलाबीच राहिली. झोपेत दचकून उठते, आठवड्यातून दोनतीनदा खाल्लेलं परत येतं, असं घरच्यांनी सांगितलं. हा मुद्दा त्यांनी जाता जाता सांगितला, पण माझ्या लेखी तो महत्त्वाचा. हृदयात मरमर नाही. रक्ततपासणी ठीक, छातीच्या एक्स-रेत गाठीचा प्रसार किंवा न्यूमोनिया दिसत नाही.

श्रेणी : एएसए 3. कारण गाठ नाही, श्वासनलिकेपर्यंतची वाट.

पहिला नंबर हिचाच ठेवावा, म्हणजे शुद्धीवर येताना दिवसभराची माणसं हाताशी असतील. आदल्या संध्याकाळी आणि सकाळी ओमेप्राझोल, भुलीच्या तासभर आधी मॅरोपिटंट. अन्न सहा तास बंद, पाणी पूर्वऔषधापर्यंत चालेल. पूर्वऔषध ब्युप्रेनॉर्फिन आणि अगदी कमी एसप्रोमॅझिन. ते दिल्यावर पिंजऱ्यात एकटं सोडू नये. डोळ्यांत मलम आताच.

पाच मिनिटं मास्कने ऑक्सिजन. झटापट करू लागली तर मास्क नाकासमोर धरला तरी चालेल, दाबू नका. प्रोपोफॉल सावकाश, परिणाम बघत. ट्यूब 5, 5.5 आणि 6 अशा तिन्ही उघडून ठेवा. टाळू लांब असल्याने लॅरिंगोस्कोपशिवाय काही दिसणार नाही. ट्यूबचा कफ फुगवेपर्यंत डोकं उंच.

कॅप्नोग्राफ लावल्याशिवाय चिरा घ्यायचा नाही. कार्बन डायऑक्साइड 35 ते 45, सरासरी रक्तदाब 65च्या वर, सॅच्युरेशन 95च्या वर. या जातीत व्हेगस मज्जातंतूचा जोर असतो : अंडाशय ओढताना ठोके 60च्या खाली गेले तर आधी ओढ सोडा, मग ग्लायकोपायरोलेट.

आता खरी काळजी. आयसोफ्लुरेन बंद केलं की सगळे आवरायला लागतात, आणि घात नेमका तिथे होतो. ट्यूब काढण्याआधी घसा सक्शनने साफ करा. डोरा पोटावर, हनुवटी गुंडाळलेल्या टॉवेलवर. ती स्वतः डोकं उचलून ट्यूब चावू लागेपर्यंत ट्यूब तशीच राहू द्या. पग ट्यूबसह शांत बसतात, घाई आपल्यालाच असते. काढल्यावर जीभ पुढे ओढा, ऑक्सिजन चालू, पल्स ऑक्सिमीटर कानाला. प्रोपोफॉल भरलेली सिरिंज आणि एक नंबर लहान ट्यूब शेजारी हवी. घशाला सूज वाटून डेक्सामेथासोन द्यावं लागलं, तर मेलॉक्सिकॅम रद्द. ताप चढला तर पंखा आणि ओला टॉवेल, कारण धापा वाढल्या की सूज वाढते.

घरी त्याच संध्याकाळी नाही. रात्रभर इथेच, दिसेल अशा पिंजऱ्यात. घरच्यांशी धोक्याबद्दल स्पष्ट बोलणं झालं, संमतीपत्रावर सही आहे.