जीपी मालिकेतील पंपांचे उत्पादन बंद होत आहे: शेवटची ऑर्डर, सुटे भाग आणि पर्यायी पंप

दिनांक: १ जून २०२६

प्रति,
जीपी मालिकेतील पंप वापरणारे सर्व ग्राहक, विक्रेते आणि दुरुस्ती कारागीर

सप्रेम नमस्कार.

जीपी-५०, जीपी-६५, जीपी-८० आणि जीपी-१०० या चारही पंपांचे उत्पादन आम्ही थांबवत आहोत. नव्या पंपाची ऑर्डर ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत स्वीकारली जाईल आणि शेवटचा पंप ३१ मार्च २०२७ पर्यंत कारखान्यातून रवाना होईल. सुटे भाग त्यानंतरही मिळतील. झिजणारे भाग ३१ मार्च २०३७ पर्यंत आणि ओतीव भाग ३१ मार्च २०३२ पर्यंत.

तुमचा पंप आज व्यवस्थित चालत असेल, तर हे पत्र वाचून त्याला हात लावायची गरज नाही. निरोगी पंप केवळ मालिका बंद होतेय म्हणून काढून टाकू नका. त्याला लागणारे भाग अजून बरीच वर्षे आम्ही देणार आहोत.

हा निर्णय का घेतला

जीपीचे केसिंग आणि इम्पेलर ज्या पॅटर्नवरून ओतले जातात ते पॅटर्न आता झिजले आहेत. त्यामुळे ओतकामाची जाडी सगळीकडे सारखी येत नाही आणि तपासणीत बाद होणारे नग वाढले आहेत. बाद नग तुमच्यापर्यंत येऊ दिलेला नाही आणि पुढेही येणार नाही. नवे पॅटर्न करायचे तर जुन्याच आराखड्यावर मोठा खर्च होणार. मात्र त्याच आकाराचा, कमी वीज खाणारा आणि दुरुस्तीला सोपा पंप आज आमच्याकडे तयार आहे. म्हणून तो खर्च जीपीवर न करता नव्या मालिकेच्या सुट्या भागांचा साठा वाढवण्यावर करायचे आम्ही ठरवले. जीपीच्या सुरक्षिततेबद्दल किंवा टिकाऊपणाबद्दल कोणतीही तक्रार या निर्णयामागे नाही.

शेवटची ऑर्डर

ऑर्डर लेखी द्यावी. त्यात मॉडेल, इम्पेलरचा व्यास आणि पंप मोटरसह हवा की मोटरशिवाय, हे स्पष्ट लिहावे. ३० नोव्हेंबरला शेवटच्या लॉटचा आकडा ठरेल आणि ओतकाम लगेच सुरू होईल, त्यामुळे त्या तारखेनंतर ऑर्डर रद्द करता येणार नाही किंवा मॉडेल बदलता येणार नाही. एकाच ठिकाणी ५ पेक्षा जास्त पंप हवे असतील तर सप्टेंबरअखेर कळवा. शेवटच्या आठवड्यात सगळ्या ऑर्डरी एकदम आल्या, तर पुरवठा ऑर्डरीच्या क्रमाने होईल आणि मोठ्या ऑर्डरींना मार्चपर्यंत थांबावे लागू शकेल.

नवा जीपी घ्यावा का, असे आम्हाला विचाराल तर एकाच परिस्थितीत हो म्हणू: जिथे दोन जीपी शेजारी शेजारी चालतात, त्यातला एक मोडकळीला आलाय आणि दोघांचे सुटे भाग एकच ठेवणे सोयीचे आहे. अगदी नव्या कामासाठी जीपी घेऊ नका.

शेवटच्या लॉटमधल्या पंपालाही नेहमीचीच २४ महिन्यांची वॉरंटी राहील, बिलाच्या तारखेपासून. विक्रेत्याकडे शिल्लक असलेल्या पंपालाही हेच लागू. मालिका बंद झाली म्हणून वॉरंटीचा एकही दिवस कमी होणार नाही.

सुटे भाग

हा भाग नीट वाचावा, कारण दोन प्रकारच्या भागांच्या मुदती वेगळ्या आहेत.

शाफ्ट, शाफ्ट स्लीव्ह, वेअर रिंग, ग्लँड, कपलिंगचे रबर बुश आणि गॅस्केट संच हे आम्ही ३१ मार्च २०३७ पर्यंत साठ्यातून देऊ. हे सगळे लेथवर किंवा साध्या साच्यात होतात, त्यामुळे गरज पडेल तसे पुन्हा बनवता येतात. बेअरिंग आणि ग्लँड पॅकिंग यांची तर काळजीच नको. जीपीत वापरलेली बेअरिंग प्रमाणित क्रमांकाची आहेत आणि पॅकिंग चौकोनी दोरीचे, नेहमीच्या मापाचे आहे. बेअरिंगचा क्रमांक त्याच्या बाजूच्या कडेवर कोरलेला असतो. तो आणि पॅकिंगची जाडी लिहून ठेवा, कुठल्याही चांगल्या दुकानात मिळेल.

केसिंग, इम्पेलर आणि बेअरिंग ब्रॅकेट हे ओतीव भाग मात्र ३१ मार्च २०३२ पर्यंतच मिळतील. जीर्ण पॅटर्नवरून त्यापुढे भरवशाचे ओतकाम करता येणार नाही. शेवटच्या लॉटबरोबर आम्ही पाच वर्षांचा अंदाजी साठा ओतून ठेवणार आहोत, पण अंदाज तो अंदाजच. ज्यांचे काम जीपीवर पूर्णपणे अवलंबून आहे त्यांनी प्रत्येक मॉडेलमागे एक इम्पेलर आत्ताच घेऊन ठेवावा, असा आमचा आग्रह आहे. रेताड पाणी उपसणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण तिथे इम्पेलरच्या पात्यांच्या कडा सर्वांत आधी खाल्ल्या जातात.

भाग मागवताना नेमप्लेटवरचा अनुक्रमांक द्या. नेमप्लेट बेअरिंग ब्रॅकेटवर, ऑइल कपाच्या खाली असते. बऱ्याच पंपांवर ती रंगाखाली गेलेली आम्ही पाहिली आहे. पातळ पत्र्याने घासू नका, आकडे जातात. थिनरमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसली की वाचता येते. अनुक्रमांक सापडलाच नाही तर डिलिव्हरी फ्लँजचे भोक आणि इम्पेलरचा बाहेरचा व्यास मोजून कळवा, आम्ही जुन्या नोंदींशी जुळवून देऊ.

जुना पंप जास्त टिकावा यासाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. जीपीच्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडणे हा बिघाड नाही. त्या पाण्यानेच पॅकिंग आणि स्लीव्ह थंड राहते. थेंब बंद करण्यासाठी ग्लँडचे नट आवळत गेलात तर पॅकिंग जळते आणि स्लीव्हवर चर पडते. मग नवे पॅकिंग घातले तरी गळती थांबत नाही. सुट्या भागांच्या मागणीत स्लीव्हचा नंबर वरचा आहे, आणि त्यातल्या अनेक स्लीव्ह वाचल्या असत्या.

पर्यायी पंप

जीपीच्या जागी आमच्या दोन मालिका आहेत आणि त्या एकमेकींना पर्याय नाहीत.

केएन मालिका जीपीसारखीच बेडवर कपलिंगने जोडलेली आहे आणि १४५० आरपीएमवर चालते. तिची मापे आयएसओ २८५८ या मानकाप्रमाणे आहेत. म्हणजे उद्या हाही पंप बदलायची वेळ आली, तर त्याच मापाचा दुसऱ्या उत्पादकाचा पंपसुद्धा तुमच्या पाइपला बसेल. दुरुस्तीत सक्शन आणि डिलिव्हरीचे पाइप सोडावे लागत नाहीत, इम्पेलरसह आतला पूर्ण भाग मागे ओढून काढता येतो. स्पेसर कपलिंग घेतले तर मोटरही हलवावी लागत नाही.

एमबी मालिका मोनोब्लॉक आहे, म्हणजे मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर. वेग २९०० आरपीएम. जागा कमी लागते, कपलिंगचे अलाइनमेंट करावे लागत नाही. पण दुप्पट वेगामुळे हा पंप सक्शनच्या बाबतीत कमी सहनशील आहे. वरच्या टाकीतून पाणी आपोआप पंपात येत असेल तर तो उत्तम. खालून पाणी ओढायचे असेल आणि पाण्याची पातळी पंपाच्या मध्यापासून ३ मीटरपेक्षा खाली असेल, तर एमबी लावू नका, केएनच घ्या. ही सूचना विक्रेत्यांनी प्रत्येक ग्राहकाला द्यावी, अशी विनंती.

मॉडेलची जोडी अशी आहे:

जीपी-५० साठी केएन-५० किंवा एमबी-५०
जीपी-६५ साठी केएन-६५ किंवा एमबी-६५
जीपी-८० साठी केएन-८० किंवा एमबी-८०
जीपी-१०० साठी फक्त केएन-१००

नव्या पंपाचे फ्लँज जुन्याच मापाचे आहेत, पण केएनच्या शाफ्टची उंची जीपीपेक्षा वेगळी आहे आणि बेडची भोकेही जुळत नाहीत. पाया फोडावा लागू नये म्हणून आम्ही अडॉप्टर बेड तयार केला आहे. तो जुन्या फाउंडेशन बोल्टवर बसतो. ३१ मार्च २०२८ पर्यंत केएन घेणाऱ्या जीपी ग्राहकांना हा बेड पंपाबरोबर विनामूल्य मिळेल, त्यासाठी जुन्या पंपाचा अनुक्रमांक पुरेसा आहे.

दोन्ही नव्या मालिकांत ग्लँड पॅकिंगऐवजी मेकॅनिकल सील आहे. त्यातून थेंब पडत नाहीत, पण ते कोरडे चालत नाही. जीपी चुकून पाण्याशिवाय थोडा वेळ चालला तरी निभावून जायचे. सीलच्या दोन्ही घासणाऱ्या चकत्यांमध्ये पाण्याचा पातळ थर नसला, तर त्या तापतात आणि तडकतात. पंप पूर्ण भरून, हवा काढून मगच बटण दाबा. पाणी संपण्याची शक्यता असेल तिथे ड्राय रन प्रोटेक्शन जरूर बसवा.

निवड हॉर्सपॉवरवरून करू नका

"जुना पाचचा होता, नवाही पाचचाच द्या" अशी मागणी वारंवार येते. पंप गरजेपेक्षा जास्त हेडचा घेऊन कमी हेडवर चालवला, तर तो जास्त पाणी फेकतो, मोटर जास्त अँपिअर ओढते आणि ओव्हरलोड ट्रिप होते किंवा वाइंडिंग जळते. म्हणून ऑर्डरआधी दोन मापे घ्या. डिलिव्हरी व्हॉल्व्ह नेहमीइतका उघडा ठेवून प्रेशर गेज वाचा. १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर म्हणजे साधारण १० मीटर हेड. गेज १.५ दाखवत असेल आणि पाणी ३ मीटर खालून ओढले जात असेल, तर एकूण हेड सुमारे १८ मीटर, त्यात सक्शन पाइपमधल्या घर्षणाचा थोडा भाग मिळवायचा. मग टाकी भरायला लागणारा वेळ मोजा. ५,००० लिटरची टाकी २५ मिनिटांत भरली तर मिनिटाला २०० लिटर, म्हणजे तासाला १२ घनमीटर. एवढ्या दोन आकड्यांवर आम्ही योग्य मॉडेल आणि इम्पेलरचा व्यास सांगू. गेज बसवायला जागा नसेल किंवा मापे घेणे जमत नसेल, तर आमचा तंत्रज्ञ येऊन मोजेल. या कामाचे शुल्क नाही.

संपर्क

ऑर्डर, सुटे भाग आणि मापांसाठी तुमच्या बिलावर छापलेला सेवा विभागाचा क्रमांक पुढेही तोच राहील. जीपीसाठी स्वतंत्र नोंदवही उघडली आहे. तुमच्याकडे किती पंप आहेत आणि त्यांचे अनुक्रमांक काय, हे ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंत कळवलेत तर ओतीव भागांचा साठा ठरवताना तुमची गरज धरता येईल. विक्रेत्यांनी आपापल्या ग्राहकांची यादी याच तारखेपर्यंत पाठवावी.

तुमचा स्नेह आणि विश्वास या पंपांना इतकी वर्षे लाभला, त्याबद्दल मनापासून आभार.

आपला विश्वासू,
प्रमुख, विक्री व सेवा विभाग