ड्राफ्टमध्ये राहिलेला मेल आणि सकाळी गेलेला मेल

शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:४०. पाठवला नाही.

विषय: तुमच्यामुळे झालेला घोळ

प्रशांत,

वाळूज डेपोची ऑक्टोबरची बिलं ७ तारखेपर्यंत द्या, असं तीनदा सांगितलं होतं. तीनदा! एकदाही उत्तर द्यावंसं वाटलं नाही तुम्हाला. ११ तारखेला रात्री साडेदहापर्यंत मी एकटी ऑफिसात, आणि तुमचा फोन स्विच ऑफ. मग १२ ला सकाळी काय, तर ‘फाइल पाठवली आहे, बघून घ्या’. बघून घेऊन काय करू? आरती ओवाळू?

आज पुण्याच्या पार्टीच्या अकाउंटंटनं मला फोनवर नको नको ते ऐकवलं. आपले ६४,८०० रुपये अडकले ते अडकलेच, वर बोलणी मी खाल्ली. जीएसटी म्हणजे तुम्हाला अकाउंट्सवाल्यांची कटकट वाटते. दरवेळचं आहे हे तुमचं. वाळूजला कुणी काम करतं की नाही? पुढच्या वेळी थेट साहेबांना सीसी करणार आहे, मग कळेल.

मीनल

*

शनिवारी सकाळी, याच मजकुरापुढे पेन्सिलनं:

‘तीनदा’. मोजलं. ३ तारखेला मेल, ८ ला व्हॉट्सअ‍ॅप. १० तारखेचा निरोप मी बावीस जणांच्या ग्रुपवर टाकला होता, तोही ‘ज्यांची बिलं बाकी आहेत त्यांनी’ असा. तो धरता येणार नाही. म्हणजे दोनदा.

‘स्विच ऑफ’. फोन लागला नाही, एवढंच मला माहीत.

‘दरवेळचं’. एप्रिलपासूनच्या फायली उघडल्या. सहा महिन्यांत पाच वेळा वाळूजची शीट ६ तारखेच्या आत आलेली. एकदा उशीर, तोही एका दिवसाचा. हा शब्द जायलाच हवा.

आणि फायली चाळताना दिसलेली गोष्ट: या वेळची शीट नव्या फॉरमॅटमध्ये मीच मागितली होती. मे महिन्याच्या रिटर्नपासून एचएसएन, म्हणजे मालाच्या कोडनुसार दिलेल्या सारांशात नोंदणीकृत ग्राहकांची आणि इतरांची विक्री वेगवेगळी दाखवावी लागते. ती फोड मी आजवर इथे बसून करत होते. या महिन्यात ते काम डेपोच्या शीटवर ढकललं, आणि नवा फॉरमॅट पाठवला ५ तारखेला संध्याकाळी. मुदत ७ ची. हे कालच्या मेलमध्ये कुठेच नाही.

‘आरती ओवाळू’. वाक्य झकास जमलंय. काढते.

साहेबांना सीसी नाही. ६४,८०० मात्र राहणार, आणि आकड्यासकट राहणार. ते गोड करून सांगायचं काही कारण नाही.

*

शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५, सकाळी १०:१५. पाठवला.

विषय: वाळूजची ऑक्टोबरची ३८ बिलं – सोमवारी दुपारी १२ पर्यंत तपासून हवीत

नमस्कार प्रशांतदादा,

ऑक्टोबरची शीट १२ तारखेला सकाळी मिळाली. विक्रीच्या रिटर्नची, जीएसटीआर-१ ची, मुदत ११ ची होती. त्या रात्री तुम्हाला दोनदा फोन केला, पण लागला नाही. सातपूर आणि वाळूज एकाच जीएसटी क्रमांकावर असल्यामुळे एका डेपोसाठी सगळं रिटर्न थांबवता येत नव्हतं. शेवटी वाळूजची ३८ बिलं वगळून ते भरलं.

त्याचा परिणाम असा झाला. काल १४ ला ग्राहकांचं २बी, म्हणजे त्यांना मिळणाऱ्या क्रेडिटचा तक्ता, तयार झालं, त्यात ही बिलं नाहीत. त्यामुळे त्यांना या महिन्यात त्यांचं क्रेडिट घेता येत नाही. पुण्याच्या पॅनलवाल्या पार्टीनं कालच फोन करून कळवलं, की बिल २बीत दिसेपर्यंत कराची रक्कम देणार नाही. त्यांच्या एका बिलावर ती ६४,८०० रुपये आहे. या ३८ बिलांवरचा एकूण कर २,०५,२०० रुपये होतो आणि तो आपल्याला २० तारखेच्या ३बीमध्ये, म्हणजे कर भरायच्या रिटर्नमध्ये, भरावाच लागेल, ग्राहकाकडून आलेला असो वा नसो. बाकीच्या पार्ट्यांनीही हात आखडता घेतला, तर तेवढा भार या महिन्यात आपल्यावर येईल.

यात माझ्या बाजूनंही चूक झाली. एचएसएनची फोड असलेला नवा फॉरमॅट मी तुम्हाला ५ तारखेला संध्याकाळी पाठवला आणि मुदत मात्र ७ चीच ठेवली. तुमची शीट तोवर जुन्या फॉरमॅटमध्ये तयार असणार, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. १० ची आठवणही ग्रुपवर न टाकता तुम्हालाच करायला हवी होती. उशिराचं कारण हेच होतं की आणखी काही, ते तुमच्याकडून समजलं तर बरं होईल. पण काही अडलं होतं तर ७ तारखेलाच एक फोन यायला हवा होता, दादा. जुन्या फॉरमॅटमधली शीटही मला चालली असती. फोड मी नेहमीसारखी इथे केली असती.

आता हातात एक मार्ग आहे. ३बी भरण्याआधी जीएसटीआर-१ए मध्ये राहिलेली बिलं टाकता येतात. ती ग्राहकांना पुढच्या महिन्याच्या २बीत दिसतील. एक महिना जाईल, पण क्रेडिट बुडणार नाही. मंगळवारी १८ ला मी ते भरणार आहे. त्यासाठी सोमवारी दुपारी १२ पर्यंत तुमच्याकडून एवढं हवं आहे: सोबतच्या यादीतली ३८ बिलं तुमच्या बिलबुकाशी पडताळून ‘बरोबर’ असा मेल, आणि बिल क्र. ११७ व १२३ वरचे ग्राहकांचे जीएसटी क्रमांक. दोन्हींत १४ च अक्षरं आहेत, १५ हवीत. हे दोन क्रमांक पार्टीकडून लेखी मागवा, फोनवर ऐकून लिहू नका. मागे एकदा ‘बी’चा ‘डी’ झाला होता, आठवत असेल.

पुण्याच्या पार्टीला मी आज पत्र पाठवते. त्यांच्या खरेदी विभागात तुमची ओळख आहे, तर सोमवारी तुम्हीही एक फोन केलात तर बरं पडेल. माझ्यापेक्षा तुमचं ते ऐकतील.

डिसेंबरपासून असं करू या का? ३ तारखेला, जेवढी झाली असतील तेवढी बिलं, कुठल्याही फॉरमॅटमध्ये. उरलेली ७ पर्यंत. ७ ला संध्याकाळी शीट आली नाही, तर मी ८ ला सकाळी तुम्हाला फोन करीन, आणि ९ पर्यंतही जमत नसेल तर आपण दोघं मिळून साहेबांना सांगू. वाळूजला लिखापढीला माणूस कमी पडत असेल, तर तेही त्यांच्या कानावर घालता येईल. तुम्हाला यात बदल हवा असेल तर सांगा.

मी आज दोनपर्यंत ऑफिसात आहे. मेलवर उत्तर लिहीत बसण्यापेक्षा फोन केलात तरी चालेल. यादी जोडली आहे.

मीनल
अकाउंट्स, सातपूर