विषय: रायपनिंग चेंबरविषयी आपले बोलणे – सोयीची दुसरी वेळ

आदरणीय भास्करभाऊ,

सप्रेम नमस्कार.

मंगळवारी, 14 जुलैला सकाळी 11 वाजता आपला व्हिडिओ कॉल ठरला होता, तो काही जुळून आला नाही. त्यात विशेष असे काही नाही. खरे तर वेळ सुचवताना मीच थोडा विचार करायला हवा होता, कारण सावदा-फैजपूर पट्ट्यात सकाळी अकरा म्हणजे बागेत कापणी चाललेली, गाडी भरायला लागलेली आणि फोन एका हातातून दुसऱ्या हातात जाणारा, अशी वेळ असते हे जळगावात राहून मला माहीत नसण्याचे कारण नाही. तेव्हा आता आपल्याला बसून निवांत बोलता येईल अशी वेळ ठरवू या.

माझ्याकडे गुरुवार, 16 जुलै रोजी सायंकाळी 7 वाजता आणि शनिवार, 18 जुलै रोजी सकाळी 8 वाजता अशा दोन वेळा मोकळ्या आहेत. यांपैकी जी बरी वाटेल ती एका ओळीत कळवावी. दोन्ही सोयीच्या नसतील तर आपणच दिवस आणि वेळ सांगावी, मी त्याप्रमाणे माझी कामे मागेपुढे करून घेईन. व्हिडिओच हवा असेही नाही. साध्या फोनवर अर्धा तास पुरेसा होईल.

आपण चौकशीच्या अर्जात लिहिलेले एक वाक्य माझ्या डोक्यात राहिले आहे: “मधल्या क्रेट पिवळ्या होतात, कडेच्या हिरव्याच राहतात.” बोलण्याची सुरुवात मला तिथूनच करायची आहे, कारण चेंबर किती टनांचे घ्यावे यापेक्षा हा प्रश्न आधी सुटायला हवा. केळी पिकू लागली की ती स्वतःच उष्णता सोडते, आणि थप्पी घट्ट लावलेली असेल तर मधल्या क्रेटमधली ती उष्णता बाहेर निघत नाही. थंड हवा मात्र भिंतीलगतच्या मोकळ्या फटीतून सहज वाट काढून परत पंख्याकडे जाते. त्यामुळे भिंतीवरचा आकडा 17 अंश दाखवत असला तरी मधल्या केळीचा गर त्याहून बराच गरम असू शकतो. अशा वेळी नुसते तापमान आणखी उतरवणे हा उपाय नव्हे, कारण 13 अंशांच्या खाली कडेच्या मालाची साल काळवंडते आणि तो माल पुढे कितीही ठेवला तरी बाजारात शोभेल असा पिवळा रंग धरत नाही. हवा थप्पीच्या भोवतून न जाता थप्पीतून कशी ओढायची, हे मी आपल्याला आकृती दाखवून समजावीन.

सोबत इथिलीनचा विषयही घेऊ, कारण अन्नसुरक्षा नियमांनुसार कार्बाइड वापरण्यास बंदी आहे आणि इथिलीन वायूला 100 पीपीएमपर्यंत परवानगी आहे, परंतु वायू दिल्यानंतर साचणारा कार्बन डायऑक्साइड वेळच्या वेळी बाहेर काढला नाही तर पिकणे मंदावते, आणि दोष मात्र बिचाऱ्या मालाला दिला जातो. आपल्या पत्र्याच्या गोदामात पफ पॅनेलची खोली उभी करता येईल का आणि वीज गेली तर जनरेटर किती क्षमतेचा लागेल, या आपल्या उरलेल्या दोन प्रश्नांचीही उत्तरे तयार ठेवली आहेत.

जमल्यास, आणि जमले तरच, सध्या लावलेल्या थप्पीतील एका मधल्या आणि एका कडेच्या केळीत थर्मामीटरची सुई खुपसून दोन्ही आकड्यांचे फोटो पाठवावेत. ते मिळाले तर आपले बोलणे अंदाजावर न राहता आकड्यांवर होईल. न मिळाले तरी काही अडत नाही.

हा विषय सध्या पुढे ढकलायचा असेल किंवा आपण दुसरीकडे काही ठरवले असेल, तर तेही मोकळेपणाने कळवावे. “आत्ता नको” एवढे दोन शब्द मला पुरे आहेत, त्यावर मी कारण विचारणार नाही की पुन्हा पुन्हा फोन करणार नाही.

आपल्या सोयीच्या वेळेची वाट पाहते.

आपली नम्र,
योगिता
प्रकल्प सल्लागार, जळगाव

ता. क. – मंगळवारच्या कॉलची लिंक आता उघडणार नाही. वेळ नक्की झाली की नवी लिंक मी मेलवर आणि व्हॉट्सॲपवर, दोन्हीकडे पाठवीन.