कर चीत

"वस्ताद, ढाक डाव कधी शिकवणार?" संज्यानं खोरं आपटलं. कोल्हापुरात तालमीत येऊन नुसती लाल माती उकरायची, ताक, लिंबू, तेल कालवायचं; पोरगं वैतागलं होतं.

वस्ताद सत्तरीतले गुडघे सांभाळत हौद्यात ओणवे बसले. "कर चीत."

पोरानं मान ओढली, कंबर उपसली. म्हातारा हलेना.

"झटतोस कशाला? पाठीवर छाती टाक. माझा श्वास ऐक. सुटला की वढ."

संज्या गप पडून राहिला. त्याचा घाम वस्तादांच्या चुरगळलेल्या कानावर टपकत होता. बरगड्या फुगल्या, बसल्या, फुगल्या... बसताच त्यानं कोपर खेचलं. म्हातारा कुशीवर कलंडला.

"पाडलं!"

"पाठ कुठं लागलीय, येड्या? हात दे आदी, कंबर धरली माझी."