या पानावर पहिल्यांदा आलात? मग आधी हे वाचा

नमस्कार! कुणी शेअर केलेला शिलाईचा व्हिडिओ बघून तुम्ही इथे आला असाल, किंवा घरातलं एखादं जुनं पुस्तक सुटं व्हायला लागलंय म्हणून शोधत आला असाल. दोन्ही वाटा बरोबरच आहेत, कारण आमच्याकडे ही दोनच कामं होतात. वह्या हाताने शिवणं आणि पुस्तकं दुरुस्त करणं. बांधणीचं सगळं काम मी करते. कागद कापणं, पार्सल भरणं आणि हिशेब माझा भाऊ बघतो. मेसेजला उत्तर आलं की ते आम्हा दोघांपैकी एकाचं असतं.

आधी वह्यांबद्दल. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच वह्यांमध्ये सुटी पानं कण्यापाशी फक्त गोंदाने चिकटवलेली असतात. नवी असताना छान दिसतात, पण उघडून टेबलावर ठेवली की आपोआप मिटतात. तळहाताने दाबून धरत लिहिलं की कण्यावरचा गोंद तडकतो, आणि मग मधलंच एखादं पान हातात येतं. मी स्वतः अशाच एका वहीत दोन वर्षांच्या नोंदी ठेवल्या होत्या. एके दिवशी मधली तीस-चाळीस पानं जमिनीवर पसरली, त्यांच्यावर तारखाही नव्हत्या, आणि तो क्रम पुन्हा कधीच जुळला नाही. मी शिलाई शिकायला घेतली ती त्यानंतर.

शिवलेली वही वेगळी कशी, ते थोडक्यात सांगते. चार कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की आठ पानांचा, म्हणजे सोळा पृष्ठांचा एक फर्मा होतो. असे १२ फर्मे एकावर एक ठेवायचे. प्रत्येकाच्या घडीत टोच्याने भोकं पाडायची आणि मेण लावलेल्या लिननच्या दोऱ्याने एकेक फर्मा खालच्या फर्म्याशी गुंफत वर जायचं. झाली १९२ पृष्ठांची वही. इथे पान धरलेलं असतं ते दोऱ्याने. कण्यावरची खळ फक्त फर्म्यांना आधार देते. त्यामुळे वही पहिल्या पृष्ठावर उघडा, नाहीतर शंभराव्या, ती सपाट पडून राहते. फर्म्याच्या बरोबर मधल्या पानावर आलात की दोऱ्याचे टाके उघडे दिसतात. अनेकांना ते पान सगळ्यात जास्त आवडतं आणि ते त्यावर काहीच लिहीत नाहीत. लिहा, बिनधास्त लिहा.

अजून एक गोष्ट आहे जी फोटोत दिसत नाही, पण माझ्या दृष्टीने तीच सगळ्यात महत्त्वाची. कागदातले तंतू बहुतेक एकाच दिशेने लागलेले असतात. ते कण्याला समांतर असतील तर पान अलगद उलटतं. आडवे आले तर पान ताठ राहतं, आणि खळ लागली की कण्याजवळ लाटा येतात. तुमच्या हाताशी कुठलाही कागद असेल तर आत्ताच बघा. तो न दुमडता आधी उभा वाकवा, मग आडवा. ज्या बाजूने सहज वाकेल त्या बाजूने घडी घ्यायची. भाऊ रोज कागद कापण्याआधी प्रत्येक गठ्ठ्यातला एक कागद असाच वाकवून बघतो. मोठ्या कागदातून जास्त तुकडे बसतात म्हणून कापाची दिशा फिरवायची नाही, हे आमचं पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे. कागद वाया जातो, जाऊ दे.

सध्या तीन प्रकारच्या वह्या तयार असतात. लिहायची वही ए-५ आकाराची, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर, कागद १०० जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचा, कोरी किंवा फिक्या ठिपक्यांची. खिशातली वही ए-६, म्हणजे तिच्या बरोबर निम्मी, ९६ पृष्ठांची. तिसरी चित्रांची. तिला २०० जीएसएमचा कागद लागतो आणि तो जाड असल्यामुळे एका फर्म्यात दोनच कागद बसतात, म्हणून ती ८० पृष्ठांची. पेन्सिल, कोळसा, शाई आणि हलका रंग ती सहज झेलते. खूप पाणी घेऊन जलरंग करणाऱ्यांना मात्र मी ती सुचवत नाही, कागद वाकतो. त्यांच्यासाठी ३०० जीएसएमची वही सांगून बनवून घ्यावी लागेल. रेघांच्या वह्या आम्ही करत नाही.

आता सुरुवात कुठून करायची? माझं ऐकाल तर लगेच वही मागवू नका. आधी ‘कागदाचे नमुने’ मागवा. एका पाकिटात आमच्या पाचही कागदांचे तळहाताएवढे तुकडे येतात, प्रत्येकाच्या मागे नाव आणि जाडी लिहिलेली. त्यांचे पैसे नाहीत, फक्त पाठवण्याचा खर्च तुमचा. ते तुकडे तुमच्या नेहमीच्या पेनाने, तुमच्या नेहमीच्या दाबाने भरून टाका. फाउंटन पेन वापरत असाल तर एक तुकडा उलटा करून शाई मागे उतरली का बघा, आणि अक्षराच्या कडा फाटल्यासारख्या पसरल्या का तेही बघा. डावखुरे असाल तर शाई किती वेळात सुकते याकडे लक्ष द्या, कारण गुळगुळीत कागदावर ती सावकाश सुकते आणि हाताला लागते. मग मला नुसतं कागदाचं नाव कळवा. पहिल्याच वहीत मनासारखा कागद मिळालेले लोक ती वही भरून पुन्हा येतात, हे मी पाहिलंय. सुंदर कव्हर बघून घेतलेल्या वह्या बहुतेक वेळा कपाटात कोऱ्याच राहतात.

किंमत प्रत्येक फोटोखाली लिहिलेली असते, त्यासाठी मेसेज करायची गरज नाही. तयार वही तीन दिवसांत निघते. सांगून बनवलेली असेल तर साधारण दोन आठवडे धरा. शिलाई एका बैठकीत होते, पण पुठ्ठा चढवल्यावर वही रात्रभर वजनाखाली ठेवावी लागते. ओलसर हवेत दोन रात्री लागतात. ती घाईने बाहेर काढली की पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो आणि तो नंतर सरळ होत नाही. म्हणून ‘उद्या हवी आहे’ ही मागणी मी घेत नाही.

दुसरं काम, पुस्तकांची दुरुस्ती.

गेल्या वर्षी एक ताई वडिलांचा शब्दकोश घेऊन आल्या. वडील शिक्षक होते. पुठ्ठा वेगळा, कणा उघडा, आणि जवळजवळ वीस पानांना सेलोटेप. टेप जुनी झाली की तिचा चिकटपणा कागदात उतरतो, पिवळा-तपकिरी डाग पडतो आणि वरची पट्टी नुसत्या बोटाने निघून येते. तसंच झालं होतं. पण त्या शब्दकोशाच्या समासात शेकडो ठिकाणी पेन्सिलीची छोटी बरोबरची खूण होती. वडील जो शब्द बघत, त्याच्यापुढे खूण करत. काही शब्दांपुढे दोन, एका शब्दापुढे चार. ताईंनी विचारलं, “हे पुसून स्वच्छ कराल का?” मी त्यांना म्हटलं, “आज घरी न्या, एकदा सगळ्या खुणा बघा, मग ठरवा.” दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, “एकही पुसू नका.”

फाटलेली पानं मी जपानी टिश्यूने जोडते. हा तुतीच्या जातीच्या झाडाच्या लांब तंतूंपासून बनवलेला अतिशय पातळ कागद असतो. फाटलेल्या रेघेवर त्याची अरुंद पट्टी गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावायची, वर टीपकागद, त्यावर वजन. अक्षरं पट्टीखालून वाचता येतात. पान उजेडापुढे धरलं तरच जोड दिसतो. खळच का, हा प्रश्न हमखास येतो. खळ पाण्याने पुन्हा सैल होते. वीस-तीस वर्षांनी दुसऱ्या कुणाला हे पुस्तक माझ्यापेक्षा चांगलं दुरुस्त करायचं असेल, तर त्याला माझं काम कागद न फाडता काढता आलं पाहिजे. सुरुवातीच्या काळात एका पुस्तकाच्या कण्याला मी पांढरा गोंद भरपूर लावला होता. पुढे तेच पुस्तक पुन्हा माझ्याकडे आलं तेव्हा तो गोंद सोडवताना घडीचा कागद फाटला. त्या दिवसापासून पानांना आणि कण्याला फक्त खळ.

दुरुस्तीसाठी मेसेजमध्ये चार फोटो पाठवा. बंद पुस्तक समोरून, कणा, सगळ्यात वाईट अवस्थेतलं पान, आणि मधोमध उघडलेलं पुस्तक. फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय. सोबत दोन ओळी लिहा की हे पुस्तक पुढे रोज वाचायचं आहे की जपून ठेवायचं आहे. काम त्यावरून बदलतं. फोटो बघून मी खर्चाचा अंदाज आणि वेळ कळवते. बहुतेक पुस्तकांना तीन ते सहा आठवडे लागतात. पुस्तक दुरुस्त करण्यासारखं नसेल, तर तसं सरळ सांगते.

तोवर एक विनंती. टेप लावू नका, फेव्हिकॉलही नको. सुटी पानं आहेत त्याच क्रमाने ठेवा, पुस्तकाला सुती पट्टीने सैलसर बांधा आणि ते आडवं ठेवा. रबरबँड नको, तो कडा कापतो आणि जुना झाला की चिकटून बसतो. पान तपकिरी होऊन घडी घालताच तुटत असेल, तर तो कागद आम्लामुळे ठिसूळ झालेला आहे. लाकडाच्या लगद्यापासून बनवलेल्या स्वस्त कागदांचं असं होतं. अशी पानं उलटत बसू नका, आधी फोटो पाठवा. पुस्तकावर ओली बुरशी असेल तर ते बाकीच्या पुस्तकांपासून लगेच वेगळं करा. ते माझ्याकडेही पाठवू नका, कारण इथे इतरांची पुस्तकं असतात. हस्तलिखितं, पोथ्या आणि दुर्मीळ जुनी पुस्तकं मी हातात घेत नाही. त्यासाठी प्रशिक्षित संवर्धक लागतो आणि मी ते शिक्षण घेतलेलं नाही.

स्वतः शिवून बघायचं असेल तर ‘पहिली वही’ नावाचा अल्बम उघडा. त्यात एकाच फर्म्याची, तीन भोकांची वही आहे. चार कागद, सुई, दोरा आणि टोच्या एवढंच सामान, अर्धा तास वेळ. दोरा वहीच्या उंचीच्या अडीचपट घ्या, कमी पडला की मध्ये गाठ मारावी लागते. बनवलीत की फोटो कमेंटमध्ये टाका. टाका सैल का राहिला ते मी बघून सांगते, आणि इथे येणारे बाकीचेही सांगतात.

मेसेज आम्ही सकाळी काम सुरू करण्याआधी आणि संध्याकाळी सहानंतर बघतो. मधल्या वेळात हाताला खळ असते, फोन धरता येत नाही. नमुन्यांचं पाकीट हवं असेल तर मेसेजमध्ये फक्त ‘नमुने’ लिहा आणि तुम्ही कुठल्या पेनाने लिहिता ते सांगा.