पहिलं खातं: बिनधास्त विचारा!

(उभा व्हिडिओ, सुमारे तीन मिनिटं. बोली कोल्हापुरी, खाली मराठी अक्षरं. पार्श्वसंगीत नको, बाजाराचा आवाज राहू दे.)

दृश्य १. कपिलतीर्थ मार्केट, सकाळ. बँकेच्या अधिकारी मॅडम माईक घेऊन भाजीच्या पाट्यांमधून येतात.

मॅडम: नमस्कार! मी लक्ष्मीपुरी शाखेत बसते. काऊंटरवर कुणी काही विचारत नाही, सगळे प्रश्न बाहेर चहाच्या गाड्यावर. म्हणून आज मीच बाहेर आले. काकू, बँकेत खातं हाय का?

भाजीवाल्या काकू: न्हाई बा. भिशी हाय की माझी! महिन्याला हजार.

मॅडम: भिशी चालू दे, मोडू नका. पण नंबर लागायच्या आधी घरात कुणी आजारी पडलं तर?

काकू: मग उसनं.

मॅडम: तेवढ्यासाठी तरी थोडे पैसे आपल्या हाताशी, आपल्या नावावर पाहिजेत.

काकू: आणि बँकच बुडाली तर? लोकांचं अडकलेलं बघितलंय आम्ही.

(कॅमेरा काकूंच्या चेहऱ्यावर थांबतो. हे उत्तर कापू नका.)

मॅडम: रास्त विचारलंत. बँकेतल्या ठेवीचा विमा असतो. एका माणसाचे एका बँकेतले पाच लाखांपर्यंतचे पैसे, मुद्दल आणि व्याज धरून. हप्ता बँक भरते, तुमच्याकडून घेत नाही. सहकारी बँकांनाही हा विमा आहे, पतसंस्थेला नाही. आणि एकाच बँकेच्या दोन शाखांत खाती काढली म्हणून दहा लाख होत नाहीत, सगळं मिळून पाचच.

काकू: पाच लाख माझ्याकडं व्हायला अजून लई वांगी विकाय लागतील.

(अक्षरं: ठेव विमा, ₹५ लाखांपर्यंत, दर माणशी, दर बँकेत)

दृश्य २. उद्यमनगर, वर्कशॉपचं दार. हात पुसत एक तरुण बाहेर येतो.

तरुण: मॅडम, दहा तारखेला पगार, वीस तारखेला खिसा रिकामा. वाचवू काय?

मॅडम: महिना संपल्यावर उरलेलं टाकू म्हणतोस ना? उरत नाही भावा, माझंही उरत नाही. अकरा तारखेला ५०० रुपये आपोआप आरडीत जातील, असं एकदाच लिहून द्यायचं. राहिलेल्यात महिना काढायचा.

तरुण: आणि खात्यात कमी पडलं की दंड मारता तुम्ही!

मॅडम: झिरो बॅलन्स खातं घे. शिल्लक शून्य असली तरी दंड नाही. एटीएम कार्ड फुकट, महिन्यातून चार वेळा पैसे काढायलाही काही लागत नाही. मात्र हे खातं असताना त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

तरुण: व्याज किती?

मॅडम: आमच्याकडं वर्षाला अडीच टक्के. दहा हजार वर्षभर ठेवलेस तर अडीचशे.

तरुण: एवढंच?

मॅडम: एवढंच. बचत खात्यावर कुणी श्रीमंत होत नाही, तसं सांगून मी तुला खातं विकणारही नाही. पण व्याज रोजच्या शिल्लकेवर धरतात, आठ दिवस पैसे राहिले तर आठ दिवसांचं मिळतं. जास्त व्याज पाहिजे तर मुदत ठेव बघ. आधी हाताशी दोन पगार तरी जमू देत.

दृश्य ३. रंकाळा, संध्याकाळ. कॉलेजची मुलगी, हातात भेळ.

मुलगी: मी सतरा वर्षांची आहे. आईला घेऊन यायला लागतंय?

मॅडम: दहा वर्षं पूर्ण झाली की मुलांना स्वतःच्या सहीनं खातं चालवता येतं, बँक मर्यादा ठरवते तेवढ्यात. तरी पहिल्यांदा आईला घेऊन ये. नॉमिनीचा रकाना मात्र रिकामा सोडू नकोस, सगळे तिथंच घाई करतात.

मुलगी: आणि फोनवर कुणी म्हणालं, बँकेतून बोलतोय, ओटीपी सांगा?

मॅडम: फोन ठेवायचा. आम्ही ओटीपी विचारत नाही. मी विचारला तरी सांगू नकोस! पैसे गेलेच तर लाजत बसायचं नाही, लगेच १९३० ला फोन आणि बँकेला कळवायचं. जेवढा उशीर, तेवढं पैसे परत मिळणं अवघड.

दृश्य ४. पुन्हा मार्केट. काकू पाटी आवरतायत.

काकू: ओ मॅडम, येताना काय काय आणू?

मॅडम: आधार, पॅन, दोन फोटो.

काकू: पॅन न्हाई माझं.

मॅडम: मग पॅन नसल्याचा फॉर्म भरू, मी सांगते कसा. पैसे नसले तरी खातं निघतं.

काकू: दुपारी येतो. वांगी संपू देत.

मॅडम: साडेतीनच्या आत या काकू!

(शेवटची पाटी, चार सेकंद: झिरो बॅलन्स बचत खातं. लक्ष्मीपुरी शाखा, कोल्हापूर. सोमवार ते शुक्रवार, सकाळी १० ते दुपारी ३.३०. व्याजदर बदलू शकतो.)